भरलेल्या स्लाइडमधली रिकामी जागा

१६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ यान आकाशात झेपावलं आणि अवघ्या ८२ सेकंदांत बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा एक तुकडा सुटून त्याच्या डाव्या पंखावर आदळला. यान वर फिरत असताना बोइंगच्या अभियंत्यांनी नासासाठी या धडकेचा अंदाज बांधला आणि तो स्लाइडवर मांडला. त्यांतली एक स्लाइड पुढे जगभर कुप्रसिद्ध झाली. स्लाइड बनवण्याचं वेड मला लागलं त्याला बरीच वर्षं झाली, पण या एका स्लाइडचा पिच्छा अजून सुटत नाही.

ती मजकुरानं गच्च भरलेली आहे. शीर्षक दिलासा देतं: चाचण्यांचा आढावा घेतला असता आपला अंदाज सावधपणाच्या बाजूनं झुकलेला दिसतो. त्याखाली ठिपके, ठिपक्यांखाली आडव्या रेघा, रेघांखाली आणखी बारीक खुणा. ‘लक्षणीय’ या अर्थाचा इंग्रजी शब्द पाच वेळा येतो आणि दर वेळी त्याचा रोख निराळा असतो. या उतरंडीच्या तळाशी, बारीक अक्षरांत, खरी बातमी आहे: प्रत्यक्ष उड्डाणातली परिस्थिती चाचण्यांच्या पार बाहेरची आहे, आदळलेला तुकडा १९२० घन इंचांचा असावा, चाचणीतला होता ३ घन इंचांचा. म्हणजे ६४० पट! हा भागाकार स्लाइडवर कुठेही केलेला नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान तुटलं. आपल्या कल्पना चावला धरून सातही जण गेले. चौकशी मंडळाच्या अहवालात, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, या स्लाइडची चिरफाड छापली गेली; ती केली होती एडवर्ड टफ्टी या अमेरिकी अभ्यासकानं.

एका स्लाइडमुळे यान पडलं असं मी म्हणत नाही. पण सुटसुटीत स्लाइडबद्दल बोलताना मी सुरुवात इथूनच करतो, कारण इथली अडचण माहिती जास्त होती ही नव्हे. माहिती होती, तिला श्वास घ्यायला जागा नव्हती. ‘तुकडा चाचणीपेक्षा ६४० पट मोठा’ एवढं शीर्षकात घेतलं असतं, खाली दोन आकडे शेजारी शेजारी मोठे ठेवले असते आणि बाकीचा तपशील कागदावर दिला असता, तर त्या स्लाइडवरून काहीही हरवलं नसतं.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये मॅकिंटॉशसाठी आलं. ते रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी घडवलं होतं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं ते विकत घेतलं. त्याआधी पारदर्शिका होत्या, त्याहीआधी फळा होता. झालं. आता माझ्या लाडक्या विषयाकडे, म्हणजे तक्त्यांच्या रेघांकडे येतो.

जोसेफ आल्बर्स नावाचा बाउहाउसमधला चित्रकार-शिक्षक होता. त्यानं एक साधी गोष्ट दाखवली. कागदावर शेजारी शेजारी दोन काळ्या पट्ट्या ठेवा. दिसतात किती? तीन. दोन काळ्या आणि त्यांच्या मधली तिसरी, पांढरी. एक अधिक एक बरोबर तीन. टफ्टीनं १९९० च्या आपल्या पुस्तकात हे सूत्र उचललं आणि तक्त्यांना लावलं: प्रत्येक नवी रेघ आपल्यासोबत पांढऱ्याचा एक नवा आकार आणते, आणि डोळ्याला तोही वाचावा लागतो. सहा ओळी आणि सात स्तंभांचा चौकटबंद तक्ता म्हणजे आकड्यांच्या आधी रेघांचीच गर्दी.

यात माझी एक पुरवणी आहे. देवनागरीत प्रत्येक शब्द स्वतःची रेघ डोक्यावर घेऊनच येतो. शिरोरेखेच्या जरा वर तक्त्याची रेघ आली की दोन समांतर रेघा तयार होतात आणि मधल्या फटीत वेलांट्या-मात्रा अडकतात. खालची रेघ जवळ आली तर ती उकारांना छेदते. म्हणून रोमन लिपीत चालून जाणारा चौकटबंद तक्ता मराठीत लगेच गुदमरतो. शब्दाखाली रेघ मारायची सवयही याच कारणानं सोडावी. ‘पुणे’ मधला उकार तिच्यात बुडतो.

रेघ काढली तर तिचं काम कोण करणार? अंतर. जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी १९२३ च्या निबंधात ठिपक्यांच्या रांगा मांडून दाखवलं, की जे जवळ ते डोळा एकत्र धरतो. म्हणजे गटाच्या आतली जागा गटांमधल्या जागेपेक्षा कमी हवी. एवढा एकच नियम पाळला की निम्म्या चौकटी आपोआप निरुपयोगी ठरतात.

इथे थोडं वळण घेतो. पुण्यात शनिवार पेठेतल्या एका जुन्या छापखान्यात मी पूर्वी जात असे. आता तो बंद झाला. तिथले वयस्कर कंपोझिटर काका खिळे जुळवताना दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या सरकवत. शब्दांमधल्या जागेलाही धातूचे बुटके तुकडे असत. उंची कमी, म्हणून शाई लागत नसे. पांढरी जागा म्हणजे हातात धरता येणारी वजनदार वस्तू! ती नेमकी मोजून घालावी लागे, आणि कमी पडली की पान खिळखिळं होई. संगणकावर ही जागा फुकट मिळू लागली आणि तिची किंमत गेली, असं माझं ठाम मत आहे.

आता एक तक्ता सोडवून बघू. ओळखीच्या एका दूध संस्थेच्या वार्षिक सभेची स्लाइड माझ्याकडे आली होती. (आकडे बदलून घेतले आहेत.) सहा संकलन केंद्रं, एप्रिल ते सप्टेंबर असे सहा महिने, शिवाय सरासरी फॅट, एसएनएफ आणि शेरा. शेऱ्याच्या सहाही खान्यांत ‘समाधानकारक’. प्रत्येक आकडा ‘१२,४३७.५० लिटर’ अशा थाटात. दोन कोपऱ्यांत बोधचिन्ह, तिसऱ्यात अध्यक्षांचा फोटो, खाली ‘सर्व सभासदांचे सहर्ष स्वागत’ ही पट्टी आणि उरलेल्या जागेत वासराचं चित्र.

हात लावण्याआधी मी कागदावर स्लाइडवरची प्रत्येक माहिती लिहून काढली. हे कंटाळवाणं आहे, पण ‘काही हरवलं नाही’ असं म्हणायचा दुसरा प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही. प्रत्येक नोंदीपुढे ती कुठे जाणार ते लिहायचं: इथेच, पुढच्या स्लाइडवर, छापील अहवालात, बोलण्यात, किंवा कुठेच नाही. ‘कुठेच नाही’ मध्ये शेरा गेला, कारण सगळीकडे सारखा असलेला शेरा काही सांगत नाही. फॅट आणि एसएनएफ पुढच्या स्लाइडवर गेले. स्लाइड वाढवायला कागदासारखे पैसे पडत नाहीत, हे लोक का विसरतात कोण जाणे.

स्वागताची पट्टी आणि बोधचिन्हं पहिल्या स्लाइडवर पाठवली. फोटोवर मात्र सचिव अडले. “साहेब, अध्यक्षांचा फोटो काढला तर माझं काही खरं नाही.” शेवटी पहिल्याच स्लाइडवर तो दुप्पट मोठा करून टाकला आणि तोडगा निघाला.

मग ‘लिटर’. छत्तीस खान्यांतला हा शब्द काढून तक्त्याच्या वर एकदाच ‘हजार लिटर’ असं लिहिलं आणि १२,४३७.५० चे १२.४ केले. इथे नेमकेपणा गेला, हे खरं. पण पूर्ण आकडे सभासदांच्या हातातल्या छापील अहवालात होते, आणि हॉलच्या मागच्या रांगेतून इतका बारीक फरक कुणी वाचत नाही. सगळे आकडे उजवीकडे सरळ रेषेत लावले, दशांशाखाली दशांश. आता लहान-मोठेपणा वाचण्याआधीच दिसू लागला.

रेघा काढल्या. फक्त महिन्यांच्या नावांखाली एक बारीक रेघ ठेवली. आणि इथेच बहुतेकांची फसगत होते: रेघा काढूनही तक्ता वाचता येत नाही. कारण पॉवरपॉइंट तक्ता स्लाइडभर ताणतं. स्लाइड १३.३३ इंच रुंद आणि ७.५ इंच उंच. त्यामुळे आडव्या आकड्यांमध्ये इंचभर पोकळी आणि ओळी मात्र एकमेकींना चिकटलेल्या. वेर्टहायमरचा नियम उलटा लागू होतो आणि डोळा आडवा जाण्याऐवजी खाली घसरतो. मी महिन्यांचे स्तंभ ०.८ इंचांवर आणले आणि ओळींची उंची ०.६ इंच केली. अक्षर २० पॉइंटचं. आता आडव्या आकड्यांमधली जागा ओळींमधल्या जागेपेक्षा किंचित कमी झाली आणि प्रत्येक केंद्राची ओळ ओळीसारखी दिसू लागली. तक्ता मावला सुमारे सात इंचांत.

शीर्षक होतं ‘दूध संकलन अहवाल’. ते झालं ‘जुलैनंतर दोन केंद्रांचं संकलन निम्म्यावर’. त्या दोन ओळी काळ्या ठेवल्या, बाकीच्या चार करड्या. करडा रंग फार फिका नको. उजेडाच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर तो पुसूनच टाकतो. उजवीकडे उरलेल्या जागेत घसरणीचं कारण दोन ओळींत आलं: जवळच्या खासगी डेअरीनं दर वाढवला. हे कारण आधी स्लाइडवर नव्हतंच, फक्त सचिवांच्या तोंडी होतं. मजकूर कमी झाला आणि माहिती एकानं वाढली! त्याखाली जागा रिकामी राहिली. वासरू तिथे परत बसवण्याचा आग्रह मी मानला नाही.

जमलं की नाही हे ओळखायला स्लाइड अगदी लहान करून पाहावी. अक्षरं न वाचताही गट किती ते मोजता आलं पाहिजे. एकच करडा ठोकळा दिसला तर अंतरं सारखी पडली आहेत.

एक धोका मराठीत विशेष छळतो. मजकूर चौकटीबाहेर जाऊ लागला की पॉवरपॉइंट गुपचूप अक्षर लहान करतं आणि ओळींमधलं अंतरही आवळतं. रोमनमध्ये हे निभतं. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. Do not Autofit हा पर्याय निवडला की मजकूर खरोखर किती जास्त आहे ते उघड होतं, आणि तेव्हा शब्द कापावेत. फॉन्ट बदलतानाही पाहावं: त्याच आकड्याला ‘कोकिळा’ ‘मंगल’पेक्षा बरंच लहान दिसतं.

या सगळ्याला मर्यादा आहे. जी फाइल मेलवरून जाणार, कुणी न समजावता वाचली जाणार, तिला इतकी मोकळी करू नये. तिथे बोलणारा माणूस नसतो. टफ्टी तर म्हणतात, तांत्रिक निर्णयासाठी स्लाइड नकोतच, छापील अहवाल वाटा. मला ते पटतं, पण आपल्या सभांमधून प्रोजेक्टर हटणार नाही, हेही दिसतं.

तोवर एक करा. पॉवरपॉइंटमध्ये नवा तक्ता रंगीत पट्ट्यांसकटच येतो. Table Design मध्ये No Style, No Grid नावाचा पर्याय असतो; पुढचा तक्ता तिथून सुरू करा, आणि मग खरोखर लागेल तेवढीच रेघ हातानं घाला.