एक ग्रॅम आणि एक लाख कोटी

गळ्यातली थायरॉइड ग्रंथी दिवसाला साधारण १०० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन बनवते. या हिशेबाने एक ग्रॅम भरायला १०,००० दिवस, म्हणजे २७ वर्षांहून जास्त काळ लागतो. निरोगी तरुणाच्या वृषणांत रोज दहा कोटी शुक्रजंतू तयार होतात असं धरलं, तर तेवढ्याच दिवसांत आकडा एक लाख कोटींवर जातो. सेकंदाला हजाराहून जास्त!

या एवढ्या उलाढालीला तो एक ग्रॅम हात लावतो. थायरॉइड मंदावली की मेंदू तिला जागं करण्यासाठी टीआरएच वाढवतो. त्याने टीएसएच वाढतं, आणि काही वेळा प्रोलॅक्टिनही. प्रोलॅक्टिन फार वाढलं तर मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम दबतो. टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा कमी होते, ताठरता टिकत नाही, शुक्रजंतूंची ठेवण बिघडते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात थायरॉइड मंदावलेले १४ पुरुष होते. त्यांतल्या ९ जणांना ताठरतेची अडचण होती. थायरॉइड अतिजलद चालणाऱ्या ३४ जणांत मात्र निम्म्यांची तक्रार शीघ्रपतनाची होती, आणि उपचारांनंतर ते प्रमाण १५ टक्क्यांवर आलं. माणसं थोडी होती, पण फरक मोठा आहे.

खरी गफलत होते ती दिवसांच्या हिशेबात. समजा, ७० किलो वजनाच्या एका तरुणाचं टीएसएच ६० निघालं (साधारण ४ पर्यंत ठीक मानतात) आणि शुक्रजंतूंची हालचालही कमी. त्याला रोज सुमारे १०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. थायरॉक्सिन रक्तात सावकाश स्थिरावतं, म्हणून टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. ते नॉर्मल आलं, की हा उत्साहाने वीर्यतपासणीही करून घेतो. रिपोर्ट तसाच वाईट! पण एक शुक्रजंतू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात, बाहेर पडायला आणखी एक-दोन आठवडे. म्हणजे साठाव्या दिवशी तपासलेले शुक्रजंतू गोळी सुरू होण्याआधीच घडायला लागलेले होते. टीएसएच सुधारल्यानंतर आणखी तीन महिने जाऊ दिले, तरच तो रिपोर्ट उपचारांबद्दल काही सांगतो.

या मधल्या काळात धीर सुटून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणं सर्वांत घातक, कारण बाहेरून आलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्रजंतूंची निर्मितीच बंद पाडू शकतं. दुसरी बाजूही सांगायला हवी. टीएसएच ५-६ एवढंच असेल, तर सगळा दोष थायरॉइडच्या माथी मारू नका. साखर, रक्तदाब आणि चालू असलेली औषधंही डॉक्टरांकडून तपासून घ्या.