दहा हजारांतले चार हजार कुठे गेले?

लेखांक ९

आज वायरलेस चार्जिंग घ्यायचे ठरले होते, ते पुढच्या वेळी. मागच्या लेखातल्या केबलच्या हिशेबावरून एका वाचकाने विचारले आहे: ‘माझी पॉवर बँक दहा हजारांची, फोनची बॅटरी पाच हजारांची. फोन दोनदा भरायला हवा. प्रत्यक्षात एकदा पूर्ण भरतो, दुसऱ्यांदा चाळीस टक्क्यांवर बँक मान टाकते. मला फसवले का?’ या प्रश्नातला भागाकार बरोबर आहे, पण तो करायलाच नको होता. दोन्ही आकड्यांपुढे एमएएच लिहिले आहे म्हणून ते एका मापाचे ठरत नाहीत. मिलिअँपिअर-तास म्हणजे किती विद्युतभार वाहिला याची मोजणी. तो कोणत्या व्होल्टेजला वाहिला हे सांगितल्याशिवाय त्यातून किती काम होणार ते कळतच नाही. बाजार समितीत कोणी ‘दहा पोती सोयाबीन आहे’ म्हणाला, तर मापाडी आधी विचारतो, पोते कितीचे? पॉवर बँकेच्या डब्यावर पोत्यांची संख्या ठसठशीत छापलेली असते आणि पोते कितीचे ते पाठीमागे, भिंगातून वाचावे इतक्या बारीक अक्षरांत.

हे पोते ३.७ किलोचे आहे असे धरू. बँकेच्या आतल्या लिथियम सेलचे सरासरी व्होल्टेज तेवढेच असते: भरलेला असताना ४.२, रिकामा होताना ३ च्या आसपास, मधला बहुतेक वेळ ३.७ च्या आगेमागे. डब्यावरचे १०,००० हे या सेलचे माप. त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागले की ३७ वॉट-तास मिळतात, आणि बँकेत साठलेला खरा माल तेवढाच. फोनला मात्र यूएसबीतून ५ व्होल्ट द्यावे लागतात, म्हणून आतले एक छोटे सर्किट सेलचे व्होल्टेज चढवून बाहेर सोडते. म्हणजे ३.७ किलोची पोती सोडायची आणि तोच माल ५ किलोच्या पोत्यांत भरायचा. काहीही सांडले नाही असे मानले, तरी दहा हजार पोत्यांची ७,४०० च होतील. भरताना थोडे सांडतेच. चांगल्या सर्किटमध्ये दहा ते पंधरा टक्के ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते, बँक हाताला कोमट लागते ती त्यामुळे. राहिले साधारण ३२ वॉट-तास, म्हणजे ५ व्होल्टला सुमारे ६,४०० एमएएच. आता फोनकडे पाहू. त्याची ५,००० ची बॅटरी ३.८५ व्होल्टच्या आसपासची, म्हणजे १९ वॉट-तासांहून थोडी जास्त. फोनच्या आतही व्होल्टेज पुन्हा उतरवावे लागते, बॅटरी तापते, त्यात तो चालूच असेल तर स्वतःही खातो. एकदा पूर्ण भरायला बाहेरून २२ ते २३ वॉट-तास लागतात. ३२ ला २२.७ ने भागले की उत्तर येते १.४. एकदा पूर्ण, दुसऱ्यांदा चाळीस टक्के. वाचकाची बँक सज्जन आहे.

यावर आक्षेप येतो की मग कंपन्यांनी सरळ ६,४०० च छापावेत. मागणी रास्त वाटते, आणि बारीक अक्षरांत ते काही प्रमाणात छापलेलेही असते. ‘रेटेड कपॅसिटी’ या नावाखाली ५,८०० किंवा ६,००० असा आकडा आणि पुढे कंसात ५ व्होल्ट, ३ अँपिअर असे काहीतरी दिसेल. तो हिशेबातल्या ६,४०० पेक्षाही कमी असतो, कारण कंपनी तिथे जास्त करंटला मोजलेले खात्रीचे माप देते. करंट दुप्पट झाला की तारांतली आणि सेलच्या अंतर्गत रोधातली उष्णता चौपट होते, त्यामुळे तीच बँक १ अँपिअरला जास्त देते आणि ३ अँपिअरला कमी. पण ५ व्होल्टचा आकडा मोठ्या अक्षरांत छापला तरी घोळ मिटणार नाही. आजचे बरेच फोन फास्ट चार्जिंगला ९ व्होल्ट मागतात. त्याच बँकेतून तोच ३२ वॉट-तासांचा माल ९ व्होल्टने काढला, तर मीटरवर एमएएचचा आकडा येईल साडेतीन हजार. मीटर नवा नवा घेतलेली माणसे इथेच हबकतात: दहा हजार छापले आणि साडेतीनच निघाले! काहीही कमी निघालेले नसते, पोती मोठी झालेली असतात. व्होल्टेज बदलले तरी जागचा हलत नाही असा आकडा एकच, वॉट-तासांचा. विमान कंपन्यांना हे आधीपासून ठाऊक आहे. हातातल्या सामानातून पॉवर बँक नेण्याची मर्यादा १०० वॉट-तास आहे, आणि १०० ते १६० साठी कंपनीची परवानगी लागते. त्या नियमात एमएएचला थारा नाही. ३.७ ने हिशेब केला तर १०० वॉट-तास म्हणजे सुमारे २७,००० एमएएच. यावरून गंमत अशी की ‘५०,०००’ छापलेली खिशातली बँक खरी असेल तर ती १८५ वॉट-तासांची झाली, म्हणजे तिला विमानात जागाच नाही. आणि ती खुशाल विमानात जाऊ द्यावी इतकी लहान असेल, तर छापलेला आकडा खोटा.

मोजायचे कसे, हा पुढचा प्रश्न. बँक पूर्ण भरा, मधे यूएसबी मीटर लावा, त्याची आधीची बेरीज शून्यावर आणा आणि पलीकडे ठरावीक करंट ओढणारा लोड जोडा. फोन हा लोड म्हणून वाईट, कारण तो भरत आला की करंट कमी करत जातो, शेवटच्या दहा टक्क्यांत तर जेमतेम चाटतो, आणि इतक्या कमी ओढीला काही बँका आपोआप झोपी जातात. लोड १ अँपिअरवर लावून बँक स्वतः बंद पडेपर्यंत थांबायचे. समजा ६ तास २० मिनिटे चालली आणि सरासरी व्होल्टेज ५.०५ राहिले. तर ६.३३ गुणिले ५.०५, म्हणजे ३२ वॉट-तास. छापलेल्या ३७ शी ताडले की ८६ टक्के. ऐंशीच्या वर आले तर तक्रारीला जागा नाही. नवी बँक साठच्या खाली असेल, तर एकतर सेल कमी क्षमतेचे आहेत किंवा सर्किट टाकाऊ. मीटरवर एमएएच आणि वॉट-तास असे दोन्ही आकडे शेजारी दिसतात. पहिल्याकडे पाहूच नये.

मीटर नाही, लोड नाही, तरी भामटेगिरी पकडता येते, आणि त्यासाठी भिंतीवरचे घड्याळ पुरते. जे आत गेले नाही ते बाहेर येणार नाही, एवढाच त्यामागचा तर्क. समजा रस्त्यावरून घेतलेल्या बँकेवर २०,००० छापले आहे, म्हणजे ७४ वॉट-तासांचा दावा. ती फोनला लावून बंद पडेपर्यंत रिकामी करा, मग ५ व्होल्ट २ अँपिअरच्या साध्या चार्जरला लावा. हा चार्जर १० वॉटचा. तो ताशी १० वॉट-तासांपेक्षा जास्त देऊच शकत नाही, म्हणून ७४ भरायला कसलाही तोटा न धरता साडेसात तास हवेत, प्रत्यक्षात नऊच्या आसपास. बँकेचे चारही दिवे तीन तासांत स्थिर झाले, तर आत गेले जास्तीत जास्त ३० वॉट-तास, आणि तोटा वजा जाता त्याहूनही कमी. कोणी म्हणेल, दिवे घाईने लागत असतील, चार्जिंग मागे चालूच असेल. मग रात्रभर तशीच ठेवा आणि दुसऱ्या दिवशी फोन किती भरतो ते पाहा. भर वाढली नाही, तर दिवे खरे बोलत होते आणि डबा खोटा. चार्जर फास्ट असेल तर १० च्या जागी १८ किंवा जो असेल तो आकडा धरायचा. या कसोटीत बँकेला पळवाट नाही.

वजनाची कसोटी मात्र एकाच बाजूने चालते. चांगले लिथियम सेल किलोमागे साधारण २०० ते २५० वॉट-तास धरतात, म्हणजे ३७ वॉट-तासांना नुसते सेलच दीडशे ग्रॅमच्या पुढे जातात आणि कवच धरून बँक दोनशेच्या आसपास भरते. गोल १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) घेतला तर एकाचे वजन ४५ ते ५० ग्रॅम आणि चांगल्यातल्या चांगल्याची क्षमता साधारण ३,५०० एमएएच. वीस हजारांना असे सहा लागतात. तेव्हा दीडशे ग्रॅमची ‘२०,०००’ ची बँक पाहिली की तिथेच ओळखावे. पण जड आहे म्हणून खरी, असे उलटे म्हणता येत नाही. वाळू भरलेले सेल आणि लोखंडाचे तुकडे घातलेली कवचे उघडून पाहिलेल्यांनी दाखवली आहेत. आपल्याकडे पॉवर बँकेला बीआयएसची सक्तीची नोंदणी आहे, तिचा शिक्काही इथे कामाचा नाही. तो आग आणि शॉक यांच्या सुरक्षिततेविषयी बोलतो, पोत्यातल्या मालाविषयी नाही.

राहिली ती दुसऱ्या जातीची तक्रार: चार्ज होते, पण पाच-दहा मिनिटांत बंद पडते, आणि थोड्या वेळाने बटण दाबले तर पुन्हा दोन दिवे लागतात. इथे माल संपलेला नसतो, तो बाहेर येऊ शकत नाही. फोनने ५ व्होल्ट २ अँपिअर मागितले म्हणजे १० वॉट झाले. ते द्यायला सर्किट सेलकडून, तोटा धरून, ३.२ अँपिअर ओढते. सेल जुना किंवा हलक्या प्रतीचा असेल आणि त्याचा अंतर्गत रोध ०.१५ ओहम असेल, तर एवढ्या ओढीला आतच जवळजवळ अर्धा व्होल्ट पडतो. साडेतीन व्होल्टवर बसलेला सेल क्षणात तीनवर येतो, सर्किटला वाटते रिकामा झाला, आणि ते दार लावते. व्होल्टेज पडले की त्याच १० वॉटसाठी करंट आणखी वाढवावा लागतो, म्हणून घसरण झपाट्याने होते. ओढ थांबली की सेलचे व्होल्टेज परत वर येते आणि दिवे, जे फक्त व्होल्टेज पाहूनच लागतात, खुशाल दोन दाखवतात. हीच बँक अर्ध्या अँपिअरला लावली आणि तासभर मजेत चालली, तर दोष सेलच्या रोधात आहे असे बेलाशक समजावे. अशी बँक साध्या की-पॅड फोनला किंवा छोट्या दिव्याला अजून बरेच दिवस पुरते. मात्र कवच फुगलेले दिसले, तर तेही करू नये.

इयरबड्स लावले की अर्ध्या मिनिटात बंद पडणारी बँक या दोन्ही जातींतली नाही. तिला ओढ जास्त होत नाही, फारच कमी पडते. त्यावर पुढच्या आठवड्यात, वायरलेस चार्जिंगच्या आधी.