टाकी रिकामी व्हायला किती वेळ?

एक चौरस मीटर तळाच्या टाकीत मीटरभर पाणी आहे आणि तळाला दोन सेंटिमीटर व्यासाचं, धारदार कडेचं भोक. सुरुवातीचा प्रवाह तसाच राहिला असता, तर हजार लिटर पाणी वीस मिनिटांत संपलं असतं. प्रत्यक्षात चाळीस लागतात. कारण धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो, हे टॉरिचेल्लीने 1644 मध्येच मांडलं. म्हणून निम्मं पाणी बारा मिनिटांत जातं, उरलेल्या निम्म्याला मात्र अठ्ठावीस मिनिटं! भोकाबाहेर धार आकसते, त्यामुळे हिशेबात सैद्धांतिक प्रवाहाचा साधारण 0.6 पट प्रवाहच धरलाय. शेवटच्या काही सेंटिमीटरांत भोवरा होऊन हवा शिरते, तिथे हे सूत्र चालत नाही. थोडा जास्तच वेळ धरा.