शीटमधला सातवा रकाना

लग्नसराई लागली की टेलरच्या दुकानात पावतीबुकं भराभर संपतात आणि कुणाचं काय राहिलंय हे मास्तरांच्या डोक्यात मावेनासं होतं. सांगलीतल्या एका लेडीज टेलरनं म्हणून सगळ्या ऑर्डरी Google Sheets मध्ये घ्यायला सुरुवात केली. नोंदी करायचं काम हाताखाली शिकणाऱ्या पोराकडे आलं. काजबटण आणि फॉल-पिको त्याला जमत होतं, पण शीटमध्ये आपोआप उमटणारे ‘बाकी’ आणि ‘उशीर’ हे शब्द कुठून येतात, हे काही कळेना. तेव्हा मास्तरांनी त्याला व्हॉट्सॲपवर सविस्तर लिहून पाठवलं.

“A मध्ये पावती नंबर, B मध्ये नाव, C मध्ये कपडा, D मध्ये माप घेतल्याची तारीख. E मध्ये आपण गिऱ्हाइकाला दिलेली तारीख. F मध्ये कपडा खरोखर दिला ती तारीख, तोवर ती जागा कोरी. G ला तू हात लावू नकोस, ते शीट स्वतः भरतं.”

G मधलं सूत्र असं आहे:

```
=IF(E2="","",
 IF(F2<>"",
  IF(F2>E2,"उशिरा दिला","वेळेत दिला"),
  IF(TODAY()>E2,"उशीर","बाकी")))
```

दिसायला अवघड वाटलं, तरी हे एकामागून एक विचारलेले साधे प्रश्न आहेत. कबूल केलेली तारीख लिहिली आहे का? नसेल तर काहीच दाखवू नको. कपडा दिल्याची तारीख आहे का? असेल तर ती कबूल तारखेनंतरची आहे का ते बघ. कपडा दिलाच नसेल, तर आजची तारीख कबूल तारखेच्या पुढे गेली का ते बघ.

मास्तरांनी 12 नोव्हेंबर 2025 हा दिवस धरून उदाहरण दिलं. अस्तराचा ब्लाऊज 10 तारखेला द्यायचा होता, F कोरा आहे, म्हणून ‘उशीर’. पंजाबी ड्रेस 12 लाच द्यायचा आहे, तो अजून ‘बाकी’ आहे, कारण सूत्रात `>` हे चिन्ह आहे आणि दुकान बंद होईपर्यंत तो दिवस आपलाच असतो. मात्र ड्रेस त्या दिवशी गेला नाही, तर 13 तारखेला कुणी काही न लिहिता त्याच ओळीत ‘उशीर’ येईल. `TODAY()` रोज नवी तारीख घेतं, त्यामुळे हे होतं.

खरी गडबड तारीख लिहिण्यात होते. पोरानं E मध्ये “10 तारीख” असं लिहिलं होतं. माणसाला ते कळतं, पण शीटच्या दृष्टीनं खरी तारीख म्हणजे दिवसांचा आकडा असतो आणि “10 तारीख” हा नुसता मजकूर. आकडा आणि मजकूर यांची तुलना झाली की शीट मजकुराला नेहमी मोठा धरतं. म्हणजे आजची तारीख त्याच्या पुढे कधीच जात नाही आणि तो ब्लाऊज महिनाभर पडून राहिला तरी ‘बाकी’च दिसतो. ही चूक सगळ्यात घातक, कारण सगळं ठीक दिसत असताना गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. ओळखायची खूण सोपी आहे: रकान्याची मांडणी बदलली नसेल, तर खरी तारीख चौकटीत उजवीकडे चिकटते आणि मजकूर डावीकडे.

F मध्ये तारखेऐवजी “दिला” लिहिलं तरी हाच नियम आडवा येतो. वेळेत दिलेला कपडासुद्धा मग ‘उशिरा दिला’ ठरतो.

दुसरी खोट शीटच्या सेटिंगमध्ये असते. तिथे अमेरिका निवडलेली असेल, तर 05/12/2025 म्हणजे 5 डिसेंबर न धरता 12 मे धरला जातो आणि नुकतीच घेतलेली ऑर्डर लिहिताक्षणी ‘उशीर’ दाखवते. कॉम्प्युटरवर File, Settings, Locale मध्ये जाऊन India निवडायचं. आधी चुकीच्या वाचल्या गेलेल्या तारखा मात्र त्यानं सुधारत नाहीत, त्या पुन्हा लिहाव्या लागतात.

एका पावतीवर तीन ब्लाऊज असतील, तर मास्तर तीन ओळी करायला लावतात. एकाच ओळीत तिन्ही घातले आणि दोनच दिले, तर F भरायचा की कोरा ठेवायचा, याला उत्तरच उरत नाही.

शेवटची सूचना त्यांनी जरा कडक शब्दांत दिली. “गिऱ्हाईक फोनवर ‘चालेल, शुक्रवारी द्या’ म्हणालं, तरी E मधली तारीख खोडायची नाही. खोडून नवी लिहिलीस की ‘उशीर’ लगेच ‘बाकी’ होतो आणि आपण किती जणांना ताटकळवलं ते महिन्याच्या शेवटी कळतच नाही. नवी तारीख H मध्ये लिही. रोज सकाळी G ला फिल्टर लावून ‘उशीर’च्या ओळी काढ, आणि ज्यांच्या H मध्ये काही नाही, त्यांना आधी फोन कर.”