छत गळतंय, भाडेकरूला काय कळवाल?

भाडेकरूचा फोटो येतो: बाथरूमच्या छताला पिवळसर डाग, त्याच्या कडेने पोपडे, मधोमध लोंबता थेंब. घरमालक लिहितो, ‘माणूस पाठवतो.’ कोणता माणूस, कधी येणार, येऊन काय करणार, याचा पत्ता नाही. आठवड्याने तोच फोटो पुन्हा येतो, डाग मात्र वाढलेला.

उत्तर लिहिण्याआधी भाडेकरूला एकच प्रश्न विचारावा: थेंब केव्हा पडतात? दिवसरात्र सारखे पडत असतील, तर दाबाखालची पाण्याची लाइन फुटली असण्याचा संशय घ्यावा. सकाळी वरच्यांच्या आंघोळी आटोपल्यावर वाढत असतील, तर नहाणी ट्रॅप किंवा त्याभोवतीचा सांधा. फक्त पावसात गळत असेल, तर गच्ची किंवा बाहेरची भिंत. खर्चही यावरच ठरतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. वरच्या फ्लॅटमधल्या संडास-बाथरूमची गळती त्या फ्लॅटधारकाने.

समजा, आंघोळीनंतरच गळतं. मग उत्तर असं लिहिता येईल:

‘नमस्कार. बाथरूमच्या छतातल्या दिव्याचा एमसीबी आत्ताच बंद करा, तो दिवा वापरू नका. उद्या संध्याकाळी प्लंबर वरच्या घरी ट्रॅपचं तोंड बंद करून, रंग घातलेलं पाणी चोवीस तास साठवून ठेवेल. खाली रंग उतरला, तर लादीखालचं वॉटरप्रूफिंग गेलं आहे. नाही उतरला, तर ट्रॅप किंवा त्याखालचा पाइप तपासू. वरच्यांनी होकार दिला की लादी उखडणं, ट्रॅप बदलणं, वॉटरप्रूफिंग, पुन्हा पाणी साठवून चाचणी आणि नवी लादी, याला साधारण आठ-दहा दिवस लागतील. होकार कधी मिळेल, हे माझ्या हातात नाही. चार दिवसांत मिळाला नाही, तर सोसायटीला लेखी पत्र देईन आणि तुम्हाला कळवीन. तुमचं छत वाळल्यावरच रंगवू. त्याला आणखी तीन आठवडे धरा.’

हे तीन आठवडे अनेकांना वेळकाढूपणा वाटतात. पण गळती थांबली तरी स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी लगेच जात नाही. ते हळूहळू बाहेर येतं, सोबत क्षार आणतं, आणि घाईने मारलेली पुट्टी पांढरी भुकटी होऊन सुटते. छताला फूटभर प्लास्टिक चिकटपट्टीने चारही बाजूंनी घट्ट लावून दिवसभर ठेवावं. आतून दव धरलं, तर रंगाऱ्याला थांबवावं. पावसाळ्यात वाळायला याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा तारीख त्या हिशेबाने द्यावी.

छताचे तुकडे पडत असतील किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर हे वेळापत्रक लागू नाही. तिथे भाडेकरूने खाली उभंसुद्धा राहू नये. प्लंबरच्याही आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावं आणि तो पाहून जाईपर्यंत दुरुस्तीची तारीख देऊ नये.