कुंभ रास गेली कुठे?

नातवंडं परदेशात जन्मू लागल्यापासून केपीवाल्यांकडे एक तक्रार वरचेवर येते. सॉफ्टवेअरमधून भावचलित कुंडली काढली, आणि तीत एक आकडा दोनदा छापलाय, दुसरा एक छापलाच नाही. "काका, बारा राशी असतात ना? मग हिच्यात अकरा नंबर कुठाय?" पाठोपाठ निष्कर्षही येतो: सॉफ्टवेअर बिघडलं, नाहीतर बाळाची ती रास 'दबलेली' आहे. दोन्ही खरं नाही.

एक पत्रिका घेऊन बोलू. जन्म लंडनचा, २४ डिसेंबर २०२१, तिथल्या घड्याळात सकाळचे ११ वाजून ४८ मिनिटं. कृष्णमूर्ती पद्धतीत भाव प्लॅसिडस पद्धतीने काढतात आणि मग अयनांश वजा करतात. तसं केल्यावर लग्न मीन ६ अंशांवर येतं, दशम भावारंभ धनू ६, एकादश भावारंभही धनूच, २४ अंश. द्वादश भावारंभ मकर साडेअठरा अंश, आणि त्यापुढचा भावारंभ म्हणजे थेट मीनेतलं लग्न. मकर साडेअठरापासून मीन सहापर्यंत एकच भाव, आणि त्याच्या पोटात अख्खी कुंभ. अशी दोन भावारंभांच्या मधे पूर्ण सापडलेली, स्वतःच्या वाट्याला एकही भावारंभ न आलेली रास म्हणजे इंटरसेप्टेड रास. समोरच्या बाजूला हेच घडतं: षष्ठ भाव कर्क साडेअठरापासून कन्या सहापर्यंत, आणि मधे सिंह. बदल्यात धनू आणि मिथुन यांना दोन-दोन भावारंभ मिळाले.

"सॉफ्टवेअर चुकलंय"

चूक ओळखायची साधी खूण आहे. भावारंभ नेहमी समोरासमोर एकाच अंशावर असतात. त्यामुळे कुंभ सापडली तर सिंह सापडलीच पाहिजे, आणि जितक्या राशी सापडल्या तितक्याच दोनदा आल्या पाहिजेत. हा हिशोब जुळला तर गणित ठीक आहे. नाही जुळला, तर सॉफ्टवेअरचं गणित तपासा. लंडनच्या जन्माला भारताची प्रमाणवेळ लावणं ही नेहमीची चूक, पण तिने जोड्या मोडत नाहीत, अख्खी कुंडलीच दुसरी येते. म्हणून वेळ आणि अक्षांश-रेखांश आधी बघावेत.

भाव असमान का होतात? सतराव्या शतकातल्या प्लॅसिडस या इटालियन साधूच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अंशांची वाटणी करत नाही, वेळेची करते. राशिचक्रातला एखादा बिंदू उगवल्यापासून माथ्यावर येईपर्यंत जितका वेळ घेतो, त्याचे तीन सारखे भाग करायचे. मुंबईत डिसेंबरअखेरीस सूर्याला उगवून माथ्यावर यायला साधारण साडेपाच तास लागतात, लंडनमध्ये चारही पुरे लागत नाहीत. प्रत्येक अंशाचा आपापला 'अर्धा दिवस' असा वेगळा असतो. उत्तरेकडे जावं तसा हा फरक वाढतो. तिथे मीन-मेष भराभर उगवतात, म्हणून त्या भागात सारख्या वेळात जास्त अंश मावतात.

आपल्या पत्रिकेत दशम भाव १८ अंशांचा, एकादश २४, आणि द्वादश जवळजवळ ४८ अंशांचा. त्याच दिवशी मुंबईत, दुपारी साडेबाराच्या सुमारास, हेच लग्न आणि हाच दशम भावारंभ घेऊन जन्मलेल्या मुलाचे तेच तीन भाव साधारण साडेपंचवीस, २९ आणि साडेपस्तीस अंशांचे येतात. द्वादश भावारंभ कुंभेच्या सुरुवातीला पडतो. कुंभेला भावारंभ मिळाला, प्रश्न मिटला. पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रातल्याच पत्रिका पाहणाऱ्यांना हा प्रकार सहसा का भेटला नाही, याचं उत्तर अक्षांशात आहे.

आणखी एक गंमत. या क्षणी लग्न आणि दशम यांच्यात बरोबर ९० अंश आहेत. श्रीपती पद्धतीने त्या अंतराचे तीन सारखे भाग केले तर प्रत्येक भाव ३० अंशांचा येतो. आकाश तेच, जन्मवेळ तीच, आणि रास कुठेच सापडत नाही.

"घरात जो आकडा, तीच त्यातल्या ग्रहांची रास"

खरा घात इथे होतो. लग्नकुंडलीत आकडा म्हणजे रास, आणि त्या घरात लिहिलेला प्रत्येक ग्रह त्याच राशीत. डोळ्याला हीच सवय. चलितात मात्र आकडा फक्त भाव कोणत्या राशीत सुरू झाला ते सांगतो. आपल्या पत्रिकेत गुरू कुंभेत पाच अंशांवर आहे. चलितात तो बाराव्या घरात बसतो आणि त्या घरात आकडा आहे १०, म्हणजे मकर. वाचणारा म्हणतो, "अरेरे, गुरू नीचेचा!" गुरू नीच मकरेत होतो हे खरं, पण हा गुरू मकरेत नाहीच.

चंद्राचं तर त्याहून वाईट. तो सिंहेत, मघा नक्षत्रात आहे. चलितात सहाव्या घरात, जिथे आकडा ४. घाईत कुणी 'कर्केचा चंद्र, स्वगृही' म्हणून मोकळं होतं. मग जन्मरास चुकते, आणि नाव ठेवायला मघेचं 'म' सोडून भलतंच अक्षर निघतं. शनी मकरेत १७ अंशांवर, स्वराशीत. पण द्वादश भाव साडेअठराला सुरू होत असल्याने तो अकराव्या घरात पडतो, आणि तिथला आकडा आहे ९.

उपाय सोपा आहे. ग्रहाची रास आणि नक्षत्र ग्रहस्पष्टाच्या तक्त्यातून घ्या. चलितातून फक्त भाव घ्या. केपीच्या छापील पत्रिकेत भावारंभांचा वेगळा तक्ता असतो, तो ग्रहस्पष्टाशेजारी ठेवून ग्रहाचा अंश कोणत्या दोन भावारंभांमध्ये पडतो ते स्वतः पाहा. चित्राकडे बघू नका म्हटलं तरी चालेल.

"भावारंभ नाही म्हणजे त्या राशीच्या स्वामीला काम नाही"

हे अर्धं खरं आहे. केपीत भावाचा स्वामी म्हणजे भावारंभ ज्या राशीत त्या राशीचा स्वामी. आपल्या पत्रिकेत गुरूकडे तीन भाव आले: दशम आणि एकादश धनूमुळे, प्रथम मीनेमुळे. बुधाकडेही तीन. कुंभ सापडली म्हणून शनीचं काही बिघडलं नाही, कारण मकरेमुळे द्वादशाचं स्वामित्व त्याच्याकडे आहेच. अडचण रवीची आहे. त्याची एकच रास, सिंह, आणि ती सहाव्या भावात सापडलेली. रवी एकाही भावारंभाचा स्वामी नाही.

मग रवीला शून्य धरायचं का? नाही. काहीजण सापडलेल्या राशीच्या स्वामीला त्या भावाचा दुय्यम स्वामी मानतात, म्हणजे इथे रवी षष्ठाचा. ते मान्य केलं तरी माझ्या मते त्याला कार्येशांच्या यादीत अगदी शेवटची जागा द्यावी. केपीत ग्रह आधी त्याच्या नक्षत्रस्वामीचं फळ देतो. हा रवी धनूत, मूळ नक्षत्रात आहे, म्हणजे केतूच्या नक्षत्रात, आणि केतू वृश्चिकेत आठव्या भावात. तेव्हा रवीची दशा बघताना आधी आठवा भाव, मग तो स्वतः बसलाय तो दहावा, आणि उरलंसुरलं सहाव्याचं. सापडलेल्या राशीवरून सुरुवात करणं म्हणजे उलट्या टोकाने धरणं.

"इंटरसेप्टेड ग्रह कोंडलेला असतो"

हा अर्थ पाश्चात्त्य मानसशास्त्रीय ज्योतिषातून आला. तिथे असा ग्रह म्हणजे दडपलेली, उशिरा जागी होणारी शक्ती. पण हीच पत्रिका सायन पद्धतीने मांडून बघा. भावारंभ आकाशात तिथेच राहतात, राशींच्या सीमा मात्र २४ अंशांनी सरकतात. आता लग्न मेषेच्या अगदी पहिल्या अंशात, आणि सापडलेल्या राशी मीन आणि कन्या. निरयनात 'कोंडलेला' गुरू सायनात कुंभेच्या शेवटी मोकळा आहे, कारण द्वादश भावारंभच कुंभेत आहे. एवढंच नाही, जन्म एक मिनिट आधीचा धरला तर सायन लग्न मीनेत जातं आणि मीनही सुटते. गुरू जागचा हललेला नाही. कोंडमारा ग्रहाचा नसतो, आपण आखलेल्या रेषांचा असतो.

भावारंभाचं गणित कुणालाही पडताळून पाहता येतं. फलिताचं तसं नाही. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका वेगळ्या करायला सांगितल्या होत्या. बरोबर उत्तरं ४६ टक्के आली, नाणं उडवून येतील त्यापेक्षाही कमी. मिनिटाच्या अंशापर्यंत काढलेला भावारंभ म्हणजे तितकंच नेमकं भाकीत, असा समज कुणी करून घेऊ नये.

"मोठा भाव जास्त फळ देतो"

केपीत भावाच्या आकारावर बळ मोजण्याचा नियम नाही. आकाराचा परिणाम वेगळ्या जागी दिसतो. ४८ अंशांच्या भावात ग्रह सापडण्याची शक्यता १८ अंशांच्या भावापेक्षा आपोआपच जास्त, आणि गोचरीने रवी तिथे साधारण ४८ दिवस राहतो, दशमात जेमतेम १८. शनीला द्वादश ओलांडायला चारेक वर्षं लागतील, दशमाला दीड.

उत्तर ध्रुववृत्तापलीकडे, नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या गावी, ही पद्धत साथच सोडते. राशिचक्राचे काही अंश तिथे कधी उगवतच नाहीत, मग त्यांच्या वेळेची वाटणी कशी करणार? तिथे दुसरी भावपद्धत घ्यावी लागते.

लंडनच्या पत्रिकेत मात्र सगळं जन्मवेळेवर अडतं. हे लग्न चार मिनिटांत जवळपास अडीच अंश पुढे सरकतं, मुंबईत तेवढ्याच वेळात सव्वा. सर्वांत लहान सब ४० कलांचा असतो, तो इथे मिनिटभरात ओलांडला जातो. शनी द्वादश भावारंभाच्या दीड अंश अलीकडे आहे. जन्म पाच मिनिटं आधीचा निघाला तर तो अकराव्यातून बाराव्यात गेला. इंग्लंडमध्ये जन्मदाखल्यावर वेळ लिहीत नाहीत, फक्त जुळी-तिळी असली तरच लिहितात. तेव्हा ११:४८ हा आकडा रुग्णालयाच्या नोंदीतला आहे, बाबांच्या फोनमधल्या पहिल्या फोटोवरचा आहे, की आजीला फोनवर सांगितलेला आहे, एवढं आधी विचारून घ्या आणि मगच शनीला हात लावा.