लोक अदालतीतली पोटगी : निवाडा अंतिम म्हणजे नेमकं काय अंतिम?

कायद्यावर संशोधन करायला निघालेल्या दोन-तीन मित्रांनी गेल्या महिन्यात मला जवळपास एकच वाक्य ऐकवलं : "लोक अदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही." वाक्य बरोबर आहे. पण त्यातून त्यांनी काढलेला अर्थ, म्हणजे एकदा सही झाली की पोटगीचा विषय जन्मभरासाठी मिटला, हा चुकीचा आहे. मी स्वतः विज्ञान शाखेचा. आमच्याकडे एखादी राशी 'स्थिर' आहे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कशाच्या सापेक्ष स्थिर? 'अंतिम' या शब्दालाही तोच प्रश्न विचारायला हवा. कशाच्या विरुद्ध अंतिम?

आधी मूळ तरतूद बघू. लोक अदालत चालते ती विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 नुसार. वर्ध्यात ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरण भरवतं, आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती. पॅनलवर सहसा एक न्यायिक अधिकारी, सोबत वकील किंवा सामाजिक कार्यकर्ता असतो. फी लागत नाही. उलट दाखल दाव्यात कोर्ट फी भरली असेल आणि तडजोड झाली, तर ती परत मिळते. कलम 21 दोन गोष्टी सांगतं : निवाडा हा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जाईल, आणि तो सर्व पक्षांवर बंधनकारक व अंतिम असेल, त्याविरुद्ध कुठल्याही न्यायालयात अपील चालणार नाही.

आता अपील का नाही, हे कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं. अपिलात आपण काय म्हणतो? "न्यायाधीशांनी निर्णय चुकीचा दिला." लोक अदालतीत मात्र कुणी निर्णय देतच नाही. पंजाब राज्य विरुद्ध जालौर सिंग या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं आहे. तिथे मोटार अपघाताच्या प्रकरणात लोक अदालतीने पक्षांची तडजोड झालेली नसताना स्वतःच भरपाई वाढवून दिली होती. न्यायालय म्हणालं, हा निवाडाच नव्हे. लोक अदालतीला न्यायनिवाडा करण्याचा अधिकार नाही. पक्षांमध्ये ठरलेली तडजोड नोंदवणं एवढंच तिचं काम. तडजोड झाली नाही तर कलम 20 नुसार फाइल मूळ न्यायालयात परत जाते आणि खटला जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. म्हणजे निवाड्याचं अंतिमत्व संमतीतून येतं. जिथे संमती नाही तिथे अंतिमत्वही नाही.

हे सगळं एका प्रकरणावर लावून बघू. प्रकरण काल्पनिक आहे, पण आकडे आणि टप्पे नेहमीचे आहेत.

समजा आर्वी तालुक्यातल्या एका बाईने स्वतःसाठी आणि सहा वर्षांच्या मुलीसाठी पोटगीचा अर्ज केला आहे. कलम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वीचं कलम 125. अंतरिम पोटगी महिना 4,000 रुपये मंजूर झाली, पण नवऱ्याने 14 महिने काहीच भरलं नाही. थकबाकी झाली 56,000. राष्ट्रीय लोक अदालतीच्या शनिवारी प्रकरण पॅनलसमोर येतं. नवऱ्याच्या बाजूने प्रस्ताव येतो : एकरकमी दीड लाख घ्या, थकबाकी त्यातच धरा, आणि यापुढे मी पोटगी मागणार नाही असं लिहून द्या. दुसरा पर्याय म्हणजे महिना 4,500 आणि थकबाकी 14,000 च्या चार हप्त्यांत.

दीड लाख ही रक्कम टेबलावर मोठी दिसते. पण त्यातले 56,000 तर तिचेच आहेत, आधीच देणं झालेले. उरले 94,000. त्याला 4,500 ने भागलं की जवळपास 21 येतात. म्हणजे पावणेदोन वर्षांच्या खावटीवर ती पुढचं सगळं सोडून देते आहे, आणि तेव्हा मुलगी आठ वर्षांचीही झालेली नसेल. तारखांना कंटाळलेल्या माणसाला हा भागाकार त्या क्षणी सुचत नाही, आणि घाईत झालेल्या सहीवर पुढे अपील नाही.

समजा तिने सही केली. आता 'अंतिम'चा अर्थ तीन बाजूंनी तपासू.

पहिली बाजू : निवाडा मोडता येतो का? "मला रक्कम कमी वाटते" या कारणावर नाही. "सही माझी नाही", "मी हजरच नव्हते", "फसवून सही घेतली" अशी कारणं असतील तर मार्ग एकच, उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 226 किंवा 227 खाली रिट याचिका. वर्धेकरांसाठी ते नागपूर खंडपीठ. फसवणूक झाली म्हणून खालच्या न्यायालयात नवा दिवाणी दावा लावता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ठरवून टाकलं आहे. दार आहे, पण फार अरुंद.

दुसरी बाजू : "यापुढे पोटगी मागणार नाही" या ओळीचं काय? इथे अंतिमत्वाची भिंत दिसते तेवढी भक्कम नाही. सर्वोच्च न्यायालयासमोर 2013 मध्ये कर्नाटकातलं एक प्रकरण होतं. पत्नीने पोटगीच्या अर्जात तडजोडीने 8,000 रुपये एकरकमी घेऊन पुढचा हक्क सोडल्याचं लिहून दिलं होतं. नंतर तिने हिंदू दत्तक व पोटगी अधिनियमाच्या कलम 18 खाली स्वतंत्र दावा लावला आणि महिना 2,000 रुपये मंजूर झाले. ते न्यायालयाने कायम ठेवले. कारण असं, की पोटगीचा हक्क कायद्याने दिलेला आहे आणि तो करारातून पुसून टाकणं सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध आहे. मुलीच्या पोटगीचं तर विचारूच नका. तो हक्क मुलीचा आहे, आईने सही करून तो सोडता येत नाही. पण म्हणून "सही करा, पुढे बघू" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती ओळ कागदावर असली की समोरचा वकील ती दर तारखेला दाखवणार, आणि हक्क शाबूत आहे हे सिद्ध करायला पुन्हा काही वर्षं जाणार.

तिने दुसरा पर्याय घेतला असता तर हा प्रश्न जास्त सोपा होता. मासिक पोटगीत परिस्थिती बदलली की रक्कम बदलून मागता येते. त्यासाठी त्याच संहितेचं कलम 146 आहे, पूर्वीचं 127. मुलीची शाळा बदलली, नवऱ्याचा पगार वाढला, की वाढीव पोटगीचा अर्ज करता येतो. नवऱ्याची नोकरी गेली तर तोही कमी करून मागू शकतो.

तिसरी बाजू वसुलीची, आणि प्रत्यक्षात बहुतेक निवाडे इथेच अडखळतात. निवाडा अंतिम आहे म्हणून पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. निवाडा हुकूमनाम्यासारखा असल्याने न भरल्यास दिवाणी न्यायालयात दरखास्त लावता येते. फौजदारी न्यायालयाकडून आलेल्या प्रकरणातल्या निवाड्यालाही हे लागू होतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये चेक न वटल्याच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. नवरा पगारदार असेल तर दरखास्तीत मोठा फायदा असा की पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी त्याच्या पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, बाकीवर जप्ती आणता येते.

दुसरा रस्ता कलम 144 मधलाच. पोटगी थकली की दंडाधिकारी वसुलीचं वॉरंट काढतात, आणि तरीही भरलं नाही तर प्रत्येक थकलेल्या महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. हा रस्ता शेतमजूर किंवा फिरता धंदा करणाऱ्या नवऱ्याविरुद्ध जास्त उपयोगी, कारण तिथे जप्त करायला पगारच नसतो. पण निवाडा म्हणजे पोटगीचा आदेश आहे का, असा वाद समोरचा घालू शकतो. तो टाळण्याचा साधा उपाय म्हणजे निवाड्यानुसार दंडाधिकाऱ्यांनीही मूळ अर्जात पोटगीचा आदेश नोंदवावा, अशी विनंती तडजोडीच्या पुरसिसमध्येच करणं.

म्हणून पुरसिस वाचताना काही गोष्टी शोधायच्या : दर महिन्याची तारीख कोणती, पैसे रोख की बँक खात्यात, थकबाकी वेगळी दाखवली आहे का, एक हप्ता चुकला तर उरलेली सगळी रक्कम एकदम देय होणार का, आणि मुलीची रक्कम आईच्या रकमेपासून वेगळी लिहिली आहे का. "पती पत्नीला योग्य पोटगी देईल" असं मोघम वाक्य असेल तर तो निवाडा अंतिम असूनही अंमलात आणता येत नाही, कारण वसूल किती करायचं हेच त्यात नाही.

एक मर्यादा लक्षात असू द्या. लोक अदालत घटस्फोट देत नाही. राष्ट्रीय लोक अदालतीत वैवाहिक वाद घेतात ते घटस्फोट वगळून. परस्पर संमतीने वेगळं व्हायचं ठरलं तर ते तडजोडीत लिहिता येतं, पण विवाह संपतो तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच. निवाड्याची प्रत हातात आहे म्हणून दुसरं लग्न केलं, तर ते पहिल्या लग्नाच्या हयातीतलंच ठरेल.

या विषयावर काम करणार असाल तर मोजमापाबद्दल एवढंच. लोक अदालतीनंतर छापून येणारा 'निकाली प्रकरणां'चा आकडा बँकेची वसुली, वीजबिलं, चेकची प्रकरणं असं सगळं एकत्र धरून असतो. त्यातली पोटगीची प्रकरणं आधी वेगळी काढावी लागतात. मग मोजायचं ते किती निवाडे झाले हे नाही, तर त्यातल्या किती जणींना दोन वर्षांच्या आत दरखास्त किंवा वसुली अर्ज घेऊन परत यावं लागलं, आणि त्यांच्या पुरसिसमध्ये हप्ता चुकल्यावर काय होईल ते लिहिलं होतं का. निवाड्याच्या दिवशी प्रकरण रजिस्टरमध्ये संपतं. तिच्यासाठी ते संपलं की नाही, हे पुढच्या महिन्याच्या हप्त्याच्या तारखेलाच कळतं.